ताप नाही म्हणून फ्लू नाही, फ्लू नाही म्हणून काहीच नाही

‘आरएसव्ही हा तान्ह्या मुलांचा आजार. म्हाताऱ्यांना त्याची लस टोचायची म्हणजे औषध कंपन्यांनी बाजार वाढवायचा. फ्लूची लस घेतली की पुरे, आणि या वयात थोडाफार खोकला व्हायचाच.’ २०२३ मध्ये अमेरिकेत साठीपुढच्यांसाठी आरएसव्हीच्या पहिल्या दोन लशी मंजूर झाल्या, तेव्हापासून हा युक्तिवाद या ना त्या रूपात कानावर पडतो. न्यू जर्सीत मुलाकडे गेलेले आई-वडील तो करतात, लेस्टरमध्ये आयुष्य घालवलेले काका करतात, आणि पुण्यातले काही डॉक्टरही करतात. तो मूर्खपणाचा आहे असं मी म्हणणार नाही. त्यातलं एखाद-दुसरं बोट अगदी योग्य जागी ठेवलेलं आहे. पण त्याचा पाया कच्चा आहे. म्हाताऱ्या माणसांत हा विषाणू फारसा सापडत नाही, कारण आपण तो शोधत नाही. आणि सापडला नाही म्हणजे तो नव्हताच, असं आपण धरून चालतो.

मुळात हा ‘मुलांचा आजार’ ठरला कसा? १९५६ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या चिंपांझींना सर्दी झाली आणि त्यांच्यात हा विषाणू मिळाला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांनी बाल्टिमोरमधल्या श्वसनाच्या त्रासानं आजारी असलेल्या बाळांमध्ये तोच विषाणू दाखवून दिला. तिथून पुढची कित्येक वर्षं शोध बालरुग्ण विभागातच चालू राहिला. लहान मुलांना तो गाठतो हे खरंच आहे, दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्या मुलांना एकदा तरी तो होऊन गेलेला असतो. पण गोवर एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही, तसं इथे नाही. या विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती टिकत नाही, आणि माणसाला तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा होतो. चाळिशीच्या माणसाला तो साध्या पडशासारखा जातो. सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या, फुप्फुसं किंवा हृदय आधीच थकलेल्या माणसात तो खाली छातीत उतरतो. मधल्या वयाचा अनुभव म्हातारपणाला लावायचा, ही या युक्तिवादातली पहिली चूक.

न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या अ‍ॅन फॉल्सी आणि एडवर्ड वॉल्श या दोन डॉक्टरांनी १९९९ ते २००३ असे चार हिवाळे एक काम चिकाटीनं केलं. ६५ वर्षांपुढची ६०८ निरोगी माणसं त्यांनी नजरेखाली ठेवली. हृदय दुर्बळ झालेली किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेली ५४० माणसं वेगळी घेतली. शिवाय श्वसनाच्या तीव्र त्रासानं इस्पितळात आलेले १३८८ रुग्ण तपासले. नुसत्या नाकातल्या स्वॅबवर ते थांबले नाहीत. पीसीआर केली, विषाणू वाढवून पाहिला, आणि आजाराच्या सुरुवातीला व काही आठवड्यांनी रक्त घेऊन प्रतिपिंडं वाढली का तेही बघितलं.

इस्पितळातल्या रुग्णांत आरएसव्ही १४२ जणांना निघाला, तर इन्फ्लुएन्झा ए १५४ जणांना. जवळजवळ बरोबरी. आरएसव्हीच्या रुग्णांपैकी १५ टक्के अतिदक्षता विभागात गेले, फ्लूच्या १२ टक्के. मृत्यू आरएसव्हीत ८ टक्के, फ्लूत ७ टक्के. घरी असलेल्या दोन गटांतली तुलना मला त्याहून बोलकी वाटते. निरोगी म्हाताऱ्यांना आरएसव्ही झाला तेव्हा ते फ्लूच्या मानानं डॉक्टरकडे कमी वेळा गेले. म्हणजे ‘थोडंफार पडसं’ हे त्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं होतं. पण ज्यांचं हृदय किंवा फुप्फुस आधीच कमजोर होतं त्यांच्यात हा फरक पुसला गेला. त्यांना दोन्ही विषाणूंनी सारखंच छळलं. सगळा वाद इथे येऊन ठेपतो. आरएसव्ही सौम्य आहे की गंभीर, हे वय विचारून पुरतं कळत नाही. वयाबरोबर फुप्फुस आणि हृदय किती शिल्लक आहे ते विचारावं लागतं.

हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लशी आल्या २०२३ मध्ये. ‘विकायला लस आली म्हणून आजार शोधला’ असं म्हणणाऱ्यांनी मधली अठरा वर्षं कुठे ठेवायची ते ठरवावं. पुढे वॉल्श यांनी एका कंपनीच्या लशीच्या चाचणीत प्रमुख संशोधक म्हणून काम केलं, आणि फॉल्सी यांनी दुसऱ्या एका कंपनीच्या लशीच्या चाचणीत. ती दुसरी लस कंपनीनं नंतर सोडूनच दिली. हे झाकायचं कारण नाही. ज्यानं आजार मोजला त्यालाच लस तपासायला बोलावलं जाणं स्वाभाविक आहे, पण आकडे वाचताना ते लक्षात ठेवावंच.

आता फ्लूच्या सोंगाकडे येऊ. पाठ्यपुस्तक सांगतं की फ्लू एकदम येतो. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी अंथरुणात असतो, कडकडून ताप, डोकं ठणकतं, हाडं मोडल्यासारखी दुखतात. आरएसव्ही मागच्या दारानं येतो. नाक वाहतं, घसा खवखवतो, दोन-तीन दिवसांनी ओला खोकला, मग छातीत घरघर, मग दम. ताप बरेचदा नसतो, असला तर बारीक. चित्र छान वेगळं आहे, पण ते शंभर रुग्णांच्या सरासरीचं. समोरच्या एका आजीबाईंवरून ते ओळखता येत नाही, कारण म्हातारपणात फ्लूदेखील तापाशिवाय येतो आणि आरएसव्हीदेखील अंगदुखी घेऊन येतो. नुसतं पाहून ‘हा फ्लू, हा आरएसव्ही’ सांगणाऱ्या डॉक्टरवर मी विश्वास ठेवणार नाही, मग त्याच्या दवाखान्याबाहेर कितीही मोठी रांग असो.

एक नमुना घेऊ. ही आजी कोणी एक नाही, अशा अनेकींच्या हकिगतींवरून बेतलेली आहे. वय ८१, पंधरा वर्षांपासून सीओपीडी, हृदय जरा कमकुवत, पायांवर सूज येते म्हणून लघवीची गोळी चालू. फ्लूची लस घेतलेली. घरी तीन वर्षांचा नातू पाळणाघरातून सर्दी घेऊन येतो. पाचव्या दिवशी आजींचं नाक वाहायला लागतं. घरच्यांच्या मते ‘हवा बदललीय’. सातव्या दिवशी खोकला, कफ, रात्री उशा रचून बसून झोपणं. नवव्या दिवशी आजी जेवत नाहीत, चहा अर्धा ठेवतात, आणि दुपारी सुनेला तिच्या नणंदेच्या नावानं हाक मारतात. थर्मामीटर ३७.३ दाखवतो. घरातला ऑक्सिमीटर एरवी ९४ सांगायचा, आज ८९ सांगतो. इस्पितळात फ्लू आणि कोविडची झटपट चाचणी होते, दोन्ही निगेटिव्ह. एक्स-रेत ठळक न्यूमोनिया नाही. नेब्युलायझर, स्टेरॉइड, अँटिबायोटिक, ऑक्सिजन सुरू. फ्लूची शंका मनात राहिली म्हणून पाच दिवस ओसेल्टामिव्हिरही. तिसऱ्या दिवशी पायांची सूज वाढते, हृदयाची लय बिघडते, मुक्काम वाढतो. आठवड्याभरानं घरी जाताना कागदावर लिहिलेलं असतं: सीओपीडीचा झटका, हृदयविकार. विषाणूचा उल्लेख कुठेच नाही. महिन्याभरानंतरही आजींना न्हाणीघरापर्यंत एकट्यानं जाता येत नाही.

कागदावरचं निदान चूक आहे का? नाही. सीओपीडी खरंच उसळली, हृदय खरंच थकलं. फक्त ते कशानं झालं, तेवढं लिहिलेलं नाही. वर्षाअखेर इस्पितळाच्या नोंदी मोजल्या तर या आजी हृदयाच्या रकान्यात जातील, फुप्फुसाच्या रकान्यात जातील, आरएसव्हीच्या रकान्यात जाणार नाहीत. मग कुणीतरी तोच रकाना दाखवून म्हणेल, ‘बघा, म्हाताऱ्यांत आरएसव्ही आहेच कुठे!’

हृदयाचं मी मुद्दाम घातलेलं नाही. अमेरिकेत आरएसव्हीनं इस्पितळात भरती झालेल्या पन्नाशीपुढच्या सहा हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतल्या २२ टक्क्यांना त्याच मुक्कामात हृदयाचा एखादा तीव्र त्रास झाला, बहुतेकांना हृदयाची धाव कमी पडणं हाच. चौघा-पाचांतला एक. आणि हे ज्यांच्या विषाणूला नाव मिळालं त्यांचं. ज्यांना मिळालं नाही ते या मोजणीत नाहीतच.

नाव का मिळत नाही, याचं एक कारण शरीरात आहे. तान्ह्या बाळाच्या नाकात विषाणू मुबलक असतो, झटपट चाचणीची पट्टी तो सहज पकडते. म्हाताऱ्या माणसाच्या नाकात तो कितीतरी कमी असतो. शिवाय ती व्यक्ती इस्पितळात पोचते तोवर आजाराचे पाच-सहा दिवस उलटलेले असतात, आणि विषाणू नाकातून कमी होऊन छातीत बसलेला असतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा प्रतिजन ओळखणाऱ्या झटपट चाचणीनं मुलांतले ८१ टक्के आरएसव्ही पकडले आणि मोठ्यांतले फक्त २९ टक्के. म्हणजे म्हाताऱ्यांच्या बाबतीत या चाचणीचं ‘निगेटिव्ह’ उत्तर जवळपास कुचकामी. पीसीआर बरी, पण नुसत्या नाकाच्या स्वॅबवर तीही काही रुग्ण निसटू देते. कफ तपासला की उरलेल्यांतले बरेच सापडतात. खोकून कफ काढू शकणाऱ्या आजोबांचा कफ प्रयोगशाळेत पाठवायला काही विशेष यंत्र लागत नाही. मागणीपत्रावर ‘आरएसव्ही’ ही तीन अक्षरं लिहायला लागतात.

दुसरं कारण कागदावर आहे, आणि त्याचा मला अधिक राग येतो. जगभर फ्लूवर नजर ठेवण्यासाठी जी व्याख्या वापरली जाते ती सांगते: गेल्या दहा दिवसांत खोकला, आणि ताप ३८ अंश किंवा वर. फ्लूसाठी ही चाळणी ठीक आहे, तिचा जन्मच त्यासाठी झाला. पण आपल्या आजींचा ताप ३७.३ होता. त्या चाळणीतून खालीच पडल्या. त्यांचा नमुना घेतलाच गेला नाही, मग सापडणार काय? जागतिक आरोग्य संघटनेला हे कळलं, म्हणून आरएसव्हीच्या पाहणीसाठी त्यांनी तापाची अट काढली. दहा दिवसांतला खोकला किंवा दम आणि भरती करण्याची गरज, एवढं पुरे मानलं. एक अट उडवल्यानं मोजणी बदलते, इतका हा आजार तापाशी फटकून वागतो. तरी रोजच्या दवाखान्यात आपण जुनीच चाळणी चालवतो: ताप आहे का? नाही? मग वाफारा घ्या.

आपल्याकडेही हे पाहिलं गेलं आहे. २०१८ ते २०२० या काळात बल्लभगढ, चेन्नई, कोलकाता आणि पुणे अशा चार ठिकाणी साठीपुढच्या हजारो माणसांकडे दर आठवड्याला कार्यकर्ते जात, खोकला-सर्दी विचारत आणि लक्षणं दिसली की नमुने घेत. भारतातल्या म्हाताऱ्यांमध्ये फ्लूबरोबर आरएसव्हीही हिंडतो हे त्यातून स्पष्ट झालं. तेव्हा ‘हा थंड देशांचा आजार’ हा उपप्रकारही इथेच मिटवू.

आता सगळ्यात शहाणा वाटणारा आक्षेप. ‘नाव कळून करायचं काय? औषध तर नाही. ऑक्सिजन तोच, नेब्युलायझर तोच.’ पहिला भाग खरा आहे. वृद्धांमधल्या आरएसव्हीवर आज नेमकं विषाणूविरोधी औषध नाही. रिबाव्हिरिन वापरतात ते अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारख्या, प्रतिकारशक्ती पार कोसळलेल्या रुग्णांत, आणि तिथेही हात राखून. पण पुढचा भाग लंगडा आहे. ओसेल्टामिव्हिर फ्लूच्या विषाणूवरच्या न्यूरामिनिडेज नावाच्या प्रथिनाला अडवतं. आरएसव्हीकडे ते प्रथिनच नाही. म्हणजे आजींनी पाच दिवस ज्या गोळ्या गिळल्या, मळमळ सोसली, त्यांचा विषाणूला पत्ताच लागला नाही. आरएसव्ही निघाला आणि जिवाणूंचा पुरावा नसला तर अँटिबायोटिक लवकर थांबवता येतं. हृदयावर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवता येतं. आणि शेजारच्या खाटेवरच्या, किडनी बदललेल्या माणसापासून आजींना दूर हलवता येतं. हे शेवटचं आपण फारच हलक्यात घेतो.

का घेऊ नये, तेही रॉचेस्टरमध्येच कळलं. बालरोगतज्ज्ञ कॅरोलिन हॉल यांनी एक साधासुधा प्रयोग केला, तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. आरएसव्ही झालेल्या बाळांजवळ धडधाकट मोठी माणसं तीन प्रकारे पाठवली. काहींनी बाळाला कडेवर घेतलं, खाऊ घातलं, नेहमीसारखं जपलं. काही जण बाळ नसताना खोलीत गेले, पाळण्याच्या कठड्याला, वस्तूंना हात लावला आणि मग स्वतःच्या नाका-डोळ्यांना. काही जण सहा फुटांवर नुसते बसले. कडेवर घेणाऱ्या ७ जणांपैकी ५ आजारी पडले, हात लावणाऱ्या १० पैकी ४, आणि नुसत्या बसलेल्या १४ पैकी एकही नाही. माणसं थोडी होती, पण कल स्पष्ट आहे. हा विषाणू मुख्यतः जवळिकीनं आणि हातांनी जातो. कठीण पृष्ठभागावर तो काही तास जिवंत राहतो. घरात याचा अर्थ असा की नातवाला सर्दी असेल त्या आठवड्यात त्याचं नाक पुसणं, त्याच्या ताटलीतलं उरलेलं खाणं आजीनं सोडावं, आणि डोळ्याला हात लावण्याआधी साबणानं धुवावा. ‘नातवाला जवळ घेऊ नका’ असं सांगणाऱ्यानं आपल्या घरात ते आठवडाभर पाळून दाखवावं. सल्ला बरोबर आहे, पण टिकणारा नाही. म्हणून लशीकडे यावं लागतं.

लस यायला इतका उशीर का झाला? १९६० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत फॉर्मालिननं मारलेल्या विषाणूची लस बाळांना दिली गेली. पुढच्या मोसमात त्या बाळांना आरएसव्ही झाला तेव्हा लस न घेतलेल्यांपेक्षा त्यांची अवस्था वाईट झाली. बहुतेकांना भरती करावं लागलं आणि दोन बाळं दगावली. त्या धक्क्यानं हे क्षेत्र कित्येक वर्षं गारठलं. उकल २०१३ मध्ये झाली. जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या एफ प्रथिनाचा पेशीला चिकटण्याआधीचा आकार पकडला आणि तो स्थिर करून दाखवला. चिकटल्यावर हे प्रथिन उलगडून वेगळंच रूप घेतं, आणि सर्वांत कामाची प्रतिपिंडं ज्या जागेवर बसतात ती जागा नाहीशी होते. जुन्या लशी शरीराला उलगडलेलं रूप दाखवत होत्या. आजच्या तिन्ही लशी, म्हणजे अरेक्सव्ही, अ‍ॅब्रिस्वो आणि एमरेसव्हिया, न उलगडलेलं रूप दाखवतात. तेव्हा ‘पूर्वी या लशीनं बाळं मेली’ असं म्हणून आजच्या लशीला घाबरवणाऱ्यांनी किमान एवढं सांगावं की ती वेगळी लस होती, आणि तिचं नेमकं काय चुकलं ते आता ठाऊक आहे.

अरेक्सव्हीच्या मोठ्या चाचणीत साठीपुढचे जवळपास २५ हजार लोक होते. पहिल्या मोसमात छातीपर्यंत उतरलेला आरएसव्ही लस घेतलेल्यांत ७ जणांना झाला, न घेतलेल्यांत ४० जणांना. हे बचावाचं प्रमाण ८३ टक्क्यांच्या आसपास. पुढच्या मोसमांत ते ओसरत जातं, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही बरंच शिल्लक राहतं. म्हणून ही लस सध्या फ्लूसारखी दरवर्षी घ्यायची नाही, एकदाच.

इथे विरोधकांचा सर्वांत ताकदवान मुद्दा येतो, आणि तो मी त्यांच्यापेक्षा नीट मांडून दाखवतो. या चाचणीत थकलेले वृद्ध होतेच कुठे? चालण्याच्या वेगावरून माणसं तीन गटांत विभागली होती. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा हळू चालणारे किंवा चालूच न शकणारे ते ‘थकलेले’. चार मीटरची खोली ओलांडायला ज्यांना दहा सेकंदांहून जास्त लागतात, असे. आपल्या आजी नक्कीच त्यांतल्या. अशी माणसं चाचणीत जेमतेम दीड टक्का होती. त्यांच्यात लस किती चालली हे चाचणीनं सांगितलंच नाही, कारण मोजायला रुग्णच पुरेसे नव्हते. म्हणजे लस तपासली फिरायला जाणाऱ्यांत आणि विकायची खाटेवरच्यांना, असा आक्षेप. तो रास्त आहे. इंग्लंडनं तो गांभीर्यानं घेतला. १ सप्टेंबर २०२४ पासून तिथे ७५ ते ७९ वयाच्यांना लस मोफत द्यायला सुरुवात झाली, पण त्या दिवशी ८० ओलांडलेल्यांना वगळलं, कारण त्या वयातला पुरावा तोकडा होता.

पण हा आक्षेप २०२३ चा आहे, आणि लोक तो अजून तसाच फिरवतात. अमेरिकेत २०२३-२४ च्या मोसमात इस्पितळांच्या नोंदींवरून पाहिलं तेव्हा साठीपुढच्यांत आरएसव्हीनं भरती होण्यापासून बचाव ८० टक्क्यांच्या घरात निघाला. ७५ पुढच्यांतही तसाच. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत ७३ टक्के. या नोंदी चाचणीसाठी निवडलेल्या माणसांच्या नव्हत्या, दम लागून इस्पितळात आलेल्या, नाना आजार असलेल्या माणसांच्या होत्या. असा पुरावा साठत गेला आणि २०२५ मध्ये इंग्लंडच्या सल्लागार समितीनंही ८० पुढच्यांना आणि वृद्धनिवासांत राहणाऱ्यांना लस द्यावी असं सुचवलं. सगळ्यात थकलेल्यांत लस थोडी कमी चालत असेल का? शक्य आहे, म्हातारं शरीर प्रतिपिंडंही जपून बनवतं. पण ज्याचा धोका काही पटींनी मोठा आहे त्याला थोडा कमी बचावही धडधाकट माणसाच्या पूर्ण बचावापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

डेन्मार्कची चाचणी मात्र दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखी आहे. २०२४-२५ च्या हिवाळ्यात साठीपुढच्या १ लाख ३१ हजार लोकांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. अर्ध्यांना अ‍ॅब्रिस्वो दिली, अर्ध्यांना काहीच नाही. आरएसव्हीनं भरती झाले लस घेतलेल्यांत ३, न घेतलेल्यांत १८. बचाव ८३ टक्के, वा! पण दोन गटांतला फरक १५ जणांचा. म्हणजे एका मोसमात एक भरती टाळायला चार हजारांवर लोकांना टोचावं लागलं. विरोधक म्हणतात, एवढ्यासाठी? साठीच्या, रोज टेकडी चढणाऱ्या माणसाच्या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत आहे. त्याला घाई नाही. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा ते वाचत नाहीत. श्वसनाच्या कोणत्याही कारणानं भरती झालेले लस घेतलेल्यांत २८४, न घेतलेल्यांत ३३५. फरक ५१. आरएसव्ही असं निदान झालेले १५, आणि एकूण कमी झालेले ५१. हा दुसरा आकडा जरा डळमळीत आहे, त्याची खालची मर्यादा शून्याला जवळजवळ टेकते, म्हणून त्यावर इमला बांधू नये. तरी मधले ३६ जण कोण असतील याचा अंदाज आपल्या आजींच्या कागदावरून करता येतो.

धोका? दंड दुखतो, दिवसभर अंग जड वाटतं. गंभीर म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात नसांवर शरीराचाच हल्ला होतो आणि पायांपासून वर अशक्तपणा चढत जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जानेवारी २०२५ मध्ये दोन लशींच्या माहितीपत्रकात हा इशारा घालायला लावला. ६५ पुढच्यांत अंदाज असा की दर १० लाख डोसांमागे अ‍ॅब्रिस्वोनं सुमारे ९ आणि अरेक्सव्हीनं सुमारे ७ जादा रुग्ण. हे लपवणारा डॉक्टर बरोबर नाही, आणि एवढंच सांगून गप्प बसणाराही नाही. साठीच्या निरोगी माणसासाठी हा धोका आणि तो फायदा यांचं गणित खरंच चुरशीचं होतं. ऐंशीच्या, फुप्फुसं थकलेल्या माणसासाठी होत नाही. अमेरिकेच्या सल्लागारांनी २०२३ मध्ये ‘साठीपुढचे, डॉक्टरशी बोलून ठरवा’ म्हटलं होतं. २०२४ मध्ये ते ‘७५ पुढचे सगळे, आणि ६० ते ७४ मधले धोक्यातले’ असं बदललं. पुढे पन्नाशीतल्या धोक्यातल्यांचाही समावेश झाला. कंपन्यांनाच खूश करायचं असतं तर ‘साठीपुढचे सगळे’ असं सरसकट लिहिणं सर्वांत सोपं होतं.

राहिला ‘फ्लूची लस घेतली आहे’ हा मुद्दा. ती घ्याच, पण ती आरएसव्हीला शिवत नाही. ती दुसऱ्याच विषाणूच्या दुसऱ्याच प्रथिनावर काम करते. दोन्ही लशी एकाच दिवशी दोन दंडांत देता येतात. बाळांना देतात ते निर्सेव्हिमॅबचं इंजेक्शन वेगळं, ते तयार प्रतिपिंड आहे आणि आजी-आजोबांसाठी नाही. औषधाच्या दुकानात ही गल्लत होऊ शकते, म्हणून सांगितलं.

मुला-मुलींकडे अमेरिकेत हिवाळा काढायला जाणाऱ्यांसाठी एवढंच. तिथे ही लस द्यायचा चांगला काळ ऑगस्ट ते ऑक्टोबर. टोचल्यावर अंगात मुरायला साधारण दोन आठवडे लागतात. तिथल्या मेडिकेअर पार्ट डी असलेल्या ज्येष्ठांना खिशातून काही द्यावं लागत नाही. पण सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना मेडिकेअर नसतं आणि प्रवासी विमा सहसा लशीचे पैसे देत नाही. किंमत काही शे डॉलर आहे, ती आधी विचारून घ्यावी. वय ७५ पुढे असेल, किंवा साठीपुढे असून सीओपीडी, दमा, हृदय दुर्बळ, किडनी बिघडलेली किंवा गुंतागुंतीचा मधुमेह असेल, तर पैसे खर्चावेत असं माझं मत. या आधी ही लस घेतली असेल तर पुन्हा घेऊ नये. आणि नातवाच्या सर्दीनंतर आठवड्याभरात आजींची घरघर वाढली, ऑक्सिजन उतरला आणि ताप नसला, तर फ्लूची चाचणी निगेटिव्ह आल्यावर तिथेच न थांबता डॉक्टरांना विचारावं: आरएसव्हीची पीसीआर केली का, कफ पाठवला का?